नव्वद सेकंदांत चार माणसं

अभिनयाचं काम शोधत मुंबईत आलेल्या नटाकडे सगळ्यात आधी मागितली जाते ती ‘वर्क लिंक’. फोटो, उंची, वय, कोणकोणत्या भाषा येतात हे सगळं मेसेजमध्ये लिहून भागतं. पण पडद्यावर हा माणूस कसा दिसतो आणि कसा बोलतो, ते पाहायला लागतो व्हिडिओ. त्यालाच शोरील म्हणतात. आजवर केलेल्या कामातले निवडक तुकडे एकापाठोपाठ एक लावलेले, साधारण दीड मिनिटाचे. अंधेरी पश्चिमेला वर्सोव्याच्या आराम नगरात कास्टिंगची कितीतरी ऑफिसं आहेत. तिथले असिस्टंट अशा लिंक दिवसभर उघडत असतात, बहुतेक वेळा फोनवरच, आणि एका भूमिकेसाठी डझनावारी. रील आवडली म्हणजे भूमिका मिळाली असं होत नाही, फक्त ऑडिशनला बोलावणं येतं. रीलचं काम एवढंच, पण तिच्याशिवाय ते बोलावणं येत नाही.

मी संकलक आहे. मालिका आणि लघुपट कापतो, आणि मधूनमधून नटांच्या रील करून देतो. एक गोष्ट मी पुन्हापुन्हा पाहिली आहे. नटाकडे चांगलं काम असतं, ते रीलमध्येही असतं, आणि तरीही रील पाहणाऱ्याला ते दिसत नाही, कारण त्याच्या आधी आणि नंतर भरताड असते. आपण किती तऱ्हेच्या भूमिका केल्या हे दाखवायला नट सगळं जोडत जातो आणि त्या गर्दीत वेगळेपणच हरवतं. माझं मत असं आहे की नटाची रेंज कुठल्याच एका तुकड्यात दिसत नाही. ती दिसते दोन तुकड्यांच्या सांध्यावर. आधीच्या तुकड्यातली बाई आणि पुढच्या तुकड्यातली बाई एकच आहे हे कळायला पाहणाऱ्याला क्षणभर लागतं, त्या क्षणात. म्हणून तुकडे थोडे हवेत आणि सांधे स्वच्छ हवेत.

हे एका उदाहरणावरून सांगतो. पश्चिम महाराष्ट्रातून आलेली एक अभिनेत्री, तिशीच्या आतबाहेर. कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धा गाजवलेल्या, मग दोन वर्षं प्रायोगिक नाटक, मग एका मराठी मालिकेत धाकट्या जावेची भूमिका. तिची जुनी रील तीन मिनिटांच्या वर होती. सुरुवातीला नाव फिरत फिरत यायचं, मग जोरदार संगीतावर तिचे वीसेक छोटे छोटे शॉट्स, त्यात हसणं, रडणं, वळून पाहणं, पावसात उभं राहणं. तिचा स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकू यायचा तो अर्धं मिनिट उलटून गेल्यावर. कास्टिंगच्या माणसाला नेमकं हेच नको असतं. संगीतावर कापलेले शॉट्स कुणाचेही चांगले दिसतात. त्यावरून चेहरा कळतो, अभिनय कळत नाही. फोटो तर आधीच पाठवलेला असतो.

मी तिला म्हटलं, रील बाजूला ठेवा आणि तुमच्याकडे मूळ काय काय आहे ते सगळं द्या. कापलेल्या रीलमधून पुन्हा तुकडे काढले की चित्र आणखी बिघडतं आणि तुकड्याच्या मागंपुढं सरकायला जागा राहत नाही. तिनं दिलं ते असं. मालिकेतला भांडणाचा एक प्रसंग, प्रक्षेपित झाला तसाच, कोपऱ्यात वाहिनीचा लोगो. एका लघुपटातला दोन मिनिटांचा प्रसंग, इस्पितळाच्या व्हरांड्यात फोनवर वाईट बातमी ऐकते तो. एका वेब सिरीजमध्ये हवालदाराची छोटी भूमिका, समोर नावाजलेला नट. विद्यार्थ्यांनी केलेल्या फिल्ममधला घरमालकीण आणि भाडेकरूचा विनोदी प्रसंग. तेलाच्या जाहिरातीत तीन सेकंद हसलेली. आणि नाटकाचं चित्रीकरण, प्रेक्षागृहात मागं तिकाटण्यावर कॅमेरा लावून केलेलं.

यातल्या दोन गोष्टी लगेच बाहेर गेल्या. जाहिरातीचा विचारही करावा लागला नाही. तीन सेकंदांच्या हसण्यात ती छान दिसते, पण त्यातून तिच्याबद्दल नवं काही कळत नाही. नाटकाचं मात्र तिला लागलं. “दादा, माझं सगळ्यात मोठं काम ते. तेच नाही घ्यायचं?” म्हणाली. तिचं दुःख खरं होतं आणि रंगभूमीवरून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नटाचं ते असतं. पण मागच्या रांगेतून घेतलेल्या चित्रात तिचा चेहरा पडद्याच्या उंचीच्या विसाव्या हिश्शाएवढाही नव्हता, डोळे दिसतच नव्हते, आणि आवाज सभागृहात घुमून आलेला. त्यातही जे दिसतं ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं म्हणून मोठं केलेलं असतं. प्रेक्षागृहात ते बरोबरच आहे. फोनच्या पडद्यावर त्याच मापाचे हातवारे आणि तोच आवाज भडक वाटतो, आणि पाहणारा ठरवून मोकळा होतो की हिला कॅमेऱ्यासमोर काम येत नाही. तिचं सगळ्यात चांगलं काम तिच्याच विरुद्ध साक्ष देणार होतं. असं काम वाचवायचा एक मार्ग आहे: त्याच स्वगतातली सात-आठ वाक्यं कॅमेऱ्यासमोर नव्यानं करायची. छातीपर्यंतची चौकट, साधी भिंत, खिडकीचा उजेड, कॉलर माइक, आणि आवाज समोर बसलेल्या एकाच माणसापुरता. तिनं पुढं ते केलंही, पण रीलमध्ये घातलं नाही, वेगळं ठेवलं. मोठं काम पाहायला मागतात त्यांना ती आता ते पाठवते.

राहिले चार तुकडे. नव्वद सेकंदांना चार ही संख्या मला बरोबर वाटते. सहा घेतले तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम तेरा-चौदा सेकंद येतात, आणि तेवढ्यात एखादी भूमिका ओळखू येते पण बदलताना दिसत नाही. नटाचं कसब तर बदलतानाच दिसतं. पात्राला काहीतरी कळतं, काहीतरी लपवावं लागतं, काहीतरी सोडून द्यावं लागतं. अशी एक तरी वळणाची जागा प्रत्येक तुकड्यात असली पाहिजे, आणि त्यासाठी वीस-पंचवीस सेकंद लागतात.

आता यातला कुठला तुकडा कुठून सुरू करायचा आणि कुठं थांबवायचा? मी स्वतःला प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट विचारतो: या सेकंदाला पाहणाऱ्याला या बाईबद्दल आधी माहीत नसलेलं काही कळतंय का? कळत असेल तर ठेवायचं, नाही तर कापायचं. ऐकायला सोपं आहे. व्हरांड्याच्या प्रसंगात ते कसं कस पाहतं ते बघण्यासारखं आहे.

मूळ प्रसंग असा. ती व्हरांड्यातून चालत येते, बाकावर बसते, पिशवी बाजूला ठेवते. फोन वाजतो. ती नाव पाहते, उचलते, “हं, बोल” म्हणते. पलीकडचं ऐकू येत नाही. ती ऐकत राहते. मग म्हणते, “मग आईला कोण सांगणार?” फोन ठेवते. एक नर्स समोरून जाते. मग तिला रडू फुटतं आणि कॅमेरा हळूहळू मागं जातो. जुन्या रीलमध्ये यातलं शेवटचं रडणं घेतलं होतं, वीस सेकंद. मी नेमकं तेच काढलं. रडणं प्रत्येकीच्या रीलमध्ये असतं, आणि कॅमेरा मागं जात असल्यानं चेहरा लहान लहान होत जातो. या प्रसंगात खरं काम घडलं आहे ते “हं, बोल” आणि पुढच्या वाक्याच्या मधल्या नऊ सेकंदांत. ती फोन उचलते तेव्हा ओठावर आधीच्या कुठल्यातरी बोलण्याचं हसू थोडं शिल्लक आहे. बातमी कानावर पडते तेव्हा ते हसू तसंच राहतं, कारण अजून आत काही पोचलेलं नाही. मग डोळे थांबतात. मग हसू जातं, आणि ते जाताना ती डाव्या हातानं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळायला लागते. नऊ सेकंद एक शब्द नाही.

रील कापताना अनेक जण हीच नऊ सेकंदं तीनवर आणतील, गती हवी म्हणून. पण हळू चालणं आणि भरताड यांचा एकमेकांशी संबंध नाही. भरताड ओळखायची माझी रीत सोपी आहे. आवाज बंद करायचा, फक्त चेहरा बघायचा आणि विचार किती वेळा बदलला ते मोजायचं. इथं नऊ सेकंदांत तीन वेळा बदलतो. उलट, जुन्या रीलमध्ये मालिकेतला पाच सेकंदांचा एक शॉट होता, ती दारात वळते आणि रोखून बघते. त्यात एकदाही काही बदलत नाही. नऊ सेकंद ठेवली, पाच काढली.

सुरुवात मी फोन कानाला लागलेला असताना केली. चालत येणं, बसणं, पिशवी ठेवणं, फोन वाजणं हे सगळं लघुपटाच्या प्रेक्षकाला हवं असतं, कारण तो एक गोष्ट पाहत असतो. रील पाहणारा गोष्ट पाहत नसतो. कोण, कुठं, कुणाचा फोन हे त्याला कळलं नाही तरी अडत नाही. शेवट “मग आईला कोण सांगणार?” या वाक्यानंतर. पण वाक्य संपलं तिथंच नाही. अमेरिकन संकलक वॉल्टर मर्च यांचं एक निरीक्षण इथं उपयोगी पडतं. ‘द कॉन्व्हर्सेशन’ हा 1974 चा चित्रपट कापताना त्यांच्या लक्षात आलं की आपण जिथं शॉट तोडायचं ठरवतो, त्याच्या अगदी जवळ नायक झालेले जीन हॅकमन यांची पापणी मिटते. माणसाचा एक विचार पुरा झाला की पापणी लवते, असं त्यांनी पुढं मांडलं. व्हरांड्याच्या तुकड्यात वाक्य संपल्यावर तिची पापणी सव्वा सेकंदानं लवते. त्या सव्वा सेकंदात तिचा विचार चालू आहे हे दिसतं, आणि पापणी मिटल्यावर रडण्याची तयारी सुरू होते. मिटण्याच्या एक फ्रेम आधी मी तोडलं. सेकंदाला पंचवीस फ्रेम्स असतात, म्हणून इथं एक-दोन फ्रेम्सनीही फरक पडतो. पापणी अर्धी मिटलेली असताना तोडलं तर चेहरा गोठल्यासारखा, चुकून कापल्यासारखा दिसतो. पूर्ण तुकडा भरला सव्वीस सेकंद.

हवालदाराच्या तुकड्याची अडचण वेगळीच होती. चाळीस सेकंदांत बहुतेक शॉट्स त्या नावाजलेल्या नटाचे. तो पोलीस ठाण्यात येऊन आपली ओळख सांगतो, आवाज चढवतो, टेबलावर हात आपटतो. ही खुर्चीत बसून लिहीत असते आणि शेवटी दोनच वाक्यं बोलते. जुन्या रीलमध्ये हा प्रसंग जवळजवळ पूर्ण ठेवला होता, एवढ्या मोठ्या माणसाबरोबर काम केलंय हे दिसावं म्हणून. तिची ओळख नसलेल्या एका माणसाला मी जुनी रील दाखवली आणि या ठिकाणी थांबवून विचारलं, ही रील कुणाची? त्यानं त्या नटाचं नाव घेतलं.

उपाय असा की चित्र तिचं ठेवायचं आणि आवाज त्याचा. तो बोलत असताना पडद्यावर तिचं ऐकणं दिसतं, वहीवरून न उचललेली नजर, थांबलेलं पेन. मूळ प्रसंगात तिचे असे दोन शॉट्स होते, त्याचं बोलणं त्यांच्यावर घेता आलं. तो स्वतः दिसतो जेमतेम दोन सेकंद, समोर कोण आहे एवढं कळण्यापुरता. मग ती म्हणते, “नाव-पत्ता पहले, साहब. बाकी बाद में.” आणि पुन्हा लिहायला लागते. तेरा सेकंद. हे जमलं, कारण त्या प्रसंगाला पार्श्वसंगीत नव्हतं. तयार कामातून तुकडे काढताना संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज एकत्र मिसळलेले असतात. नटाकडे ते सुटे कधीच नसतात. खाली संगीत असेल तर मधली चार वाक्यं काढल्याबरोबर सूर तुटतो आणि ते कुणालाही ऐकू येतं. इथं फक्त पंख्याची घरघर होती. सांध्यावर ती घरघर किंचित उडी मारत होती, दोन-तीन फ्रेम्स एकमेकांवर चढवून आवाज विरवला की ती ऐकू येईनाशी झाली.

मालिकेच्या तुकड्यात हेच संगीत आडवं आलं. भांडण रंगतं तिथं ढोल, शंख, आणि प्रत्येक चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा झेपावतो. ती ओरडते तो भाग तिला ठेवायचा होता. पण त्या गोंगाटात तिचा आवाज बुडालेला होता, आणि नंतर पाच जणांचे चेहरे येत होते. त्याआधीचे वीस-एकवीस सेकंद मात्र शांत होते. मोठी जाऊ आरोप करते आणि ही आवाज खाली आणून म्हणते, “वहिनी, चावी मी मागितली नव्हती. तुम्ही हातात ठेवलीत.” मग जुडगा कमरेतून काढून ओट्यावर ठेवते. तो ठेवल्याचा खण्णकन आवाज येतो आणि त्याला लागूनच पहिला ढोल. त्या दोन्हींच्या मध्ये तोडायचं होतं. राग इथंही आहे, पण आवाज न चढवता व्यक्त केलेला, आणि तो जास्त अवघड. लोगो तसाच राहू दिला. लोगो पुसट करण्याच्या नादात लोक तिथं धुरकट चौकोन आणतात आणि डोळा नेमका तिथंच जातो. वाहिनीचा लोगो म्हणजे हे काम खरंच झालंय याची खूण, त्याचा कुणाला त्रास होत नाही.

चौथा तुकडा सोपा गेला. घरमालकीण दारात उभी, कमरेवर हात, भाडेकरू टाळाटाळ करतोय. “पंधरवड्यानं देतो म्हणालास. त्यो पंधरवडा कुठल्या कॅलेंडरात हाय रं, मला बी दाव.” मग भाडेकरू काहीतरी गोड बोलतो, ती हसू दाबायचा प्रयत्न करते, दाबता येत नाही, आणि हसू फुटायच्या आत ती वळून आत जाते. बावीस सेकंद. ती पहिल्या क्षणापासून चौकटीत एकटी आहे, पहिलं वाक्य तिचं आहे, आणि बोली अंगातून आलेली आहे.

आता क्रम. जुन्या रीलमध्ये मालिका पहिली होती, कारण ओळख तिथली. मी घरमालकीण पहिली लावली, आणि त्यावर आमची बरीच चर्चा झाली. पहिल्या तुकड्यानं पाहणाऱ्याच्या मनात एक माप ठरतं. पुढचा प्रत्येक तुकडा तो त्या मापाशी ताडून पाहतो. म्हणून पहिला तुकडा निवडताना त्याची गुणवत्ता तर पाहायचीच, पण त्याच्यानंतर जे येणार आहे ते किती दूरचं वाटेल हेही पाहायचं. मालिकेतल्या सोशिक सुनेपाठोपाठ व्हरांड्यातली दुःखी बाई आली की दोघी बहिणी वाटतात, रडूबाई म्हणून एकाच खात्यात जमा होतात. मोठ्यानं बोलणारी, हसू दाबणारी घरमालकीण आत वळते आणि पुढच्याच फ्रेमला फोन कानाला लावलेली, आवाज नसलेली बाई समोर येते, तेव्हा अंतर लगेच जाणवतं. या अंतराला कपडे, मेकअप, शहर-खेडं यांचा उपयोग होतो, पण थोडाच. त्याहून जास्त फरक पडतो तो आवाजाच्या पट्टीनं, बोलण्याच्या गतीनं, आणि प्रसंगात वरचढ कोण आहे यानं. घरमालकीण वरचढ आहे, व्हरांड्यातली बाई असहाय आहे, हवालदार बसल्या जागी समोरच्याला गप्प करते, जाऊ हरते पण आपल्या अटीवर. बोलीही बदलते: आधी गावाकडची, मग जवळजवळ शांतता, मग हिंदी, शेवटी प्रमाण मराठी. साड्या चारही ठिकाणी बदलल्या असत्या आणि ती चारही ठिकाणी याच पट्टीत बोलली असती, तर तो एकच तुकडा चारदा दाखवल्यासारखं झालं असतं.

गावाकडची बोली पहिली ठेवण्यात धोका आहे, आणि तो मी तिला सांगितला. पाहणारा शिक्का मारू शकतो की ही ग्रामीण भूमिकांची नटी. म्हणून प्रमाण मराठीतली जाऊ शेवटी ठेवली, कारण लिंक बंद करताना मनात राहतो तो शेवटचा तुकडा. शहरी भूमिकेसाठी रील पाठवायची असेल तेव्हा याच चार तुकड्यांची दुसरी आवृत्ती आहे, जाऊ आधी आणि घरमालकीण शेवटी. त्यात व्हरांडा तिसऱ्या जागी जातो, म्हणजे तो जावेला चिकटत नाही.

हवालदाराच्या तुकड्याची सुरुवात मात्र क्रम लागल्यावर पुन्हा कापावी लागली. तो आधी तिच्या शांत चेहऱ्यानं सुरू होत होता, खाली पाहून लिहिणारा. सुटा पाहिला तर त्यात निर्विकार सरकारी थंडपणा दिसत होता. व्हरांड्याच्या मागे लावल्यावर तोच चेहरा रडू आवरणारा दिसायला लागला. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकानं हेच करून पाहिलं होतं. मोझुखिन या नटाचा भाव नसलेला एकच शॉट कधी सूपच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडला, आणि लोकांना त्या एकाच चेहऱ्यात कधी भूक दिसली, कधी शोक. रील लावणाऱ्याला हा परिणाम टाळता येत नाही, आधीच्या तुकड्याचा रंग पुढच्या चेहऱ्यावर चढणारच. तो झटकायचा असेल तर पुढचा तुकडा चेहऱ्यानं सुरू न करता आवाजानं सुरू करायचा. मूळ प्रसंगात अगदी सुरुवातीला ती मागं न बघता एकाला ओरडते, “ए, पंखा एक पे कर.” जुन्या रीलनं हे वाक्य टाकून दिलं होतं. मी ते पहिलं घेतलं. तीन-चार शब्दांत आवाज, हुद्दा, भाषा सगळं बदलतं आणि व्हरांडा मागं पडतो. या वाक्याला जागा करायला त्या नटाचं एक वाक्य आणखी गेलं, तुकडा तेरा सेकंदांचाच राहिला.

सांध्यांवर मी चित्र विरवलं नाही, सरळ तोडलं. चित्र विरलं की पाहणाऱ्याला वाटतं वेळ गेला आणि गोष्ट पुढं सरकली, आणि दोन वेगळ्या बायका एकाच गोष्टीतल्या वाटायला लागतात. काळी पट्टी फक्त एका ठिकाणी टाकली, हवालदार आणि जाऊ यांच्या मध्ये, सहा फ्रेम्स, कारण दोन्ही खोल्यांचा पिवळट उजेड सारखा होता आणि क्षणभर घोटाळा होत होता. बाकी सांध्यांवर एवढं पाहिलं की एका तुकड्याच्या शेवटी तिचा चेहरा चौकटीत ज्या बाजूला आहे, त्याच्या जवळपास पुढच्या तुकड्यात तो यावा. नजर जिथं असते तिथंच नवा चेहरा भेटतो, शोधावा लागत नाही. घरमालकीण उजवीकडे वळून आत जाते, व्हरांड्यातला चेहरा उजव्या बाजूला आहे. हे नशिबानं जमलं. जमलं नसतं तर चित्र दहा टक्क्यांपर्यंत मोठं करून थोडं सरकवता आलं असतं. त्याहून जास्त मोठं केलं की ते मऊ पडतं आणि मग तेवढा तुकडा बाकीच्यांपेक्षा हलका दिसतो.

नाव सुरुवातीला तीन सेकंद, काळ्यावर पांढरं, न फिरणारं. शेवटी पाच सेकंद नाव आणि संपर्क. मध्ये बावीस, सव्वीस, तेरा आणि एकवीस. एकूण नव्वद.

यानंतरचं काम कंटाळवाणं वाटतं, पण ते सोडलं तर सगळी मेहनत वाया जाते. चारही तुकड्यांचा आवाज वेगवेगळ्या पातळीचा होता. मालिका कर्कश, विद्यार्थ्यांची फिल्म खोल विहिरीतून आल्यासारखी. पाहणाऱ्याला एकदा आवाज वाढवावा लागला आणि पुढच्याच तुकड्यानं कानठळ्या बसल्या, तर तो बंद करतो. सगळ्या तुकड्यांतलं साधं बोलणं एका पातळीला आणलं, कुजबुज कुजबुजीएवढीच ठेवली, आणि शेवटची तपासणी हेडफोनवर न करता फोनच्या छोट्या स्पीकरवर केली, कारण पाहणारा तिथंच ऐकणार. विद्यार्थ्यांची फिल्म फोनवर चित्रित झाली होती. फोनच्या चित्रणात फ्रेम्सची गती कमीजास्त होत राहते, आणि ते तसंच टाइमलाइनवर घेतलं की काही सेकंदांनी ओठ आणि शब्द यांची फारकत होते. म्हणून ते आधी एका ठरलेल्या गतीत बदलून घेतलं. तयार रील व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवायची नाही, लिंक पाठवायची. दाबून लहान केलेल्या व्हिडिओत व्हरांड्याचा अंधार चौकोन चौकोन होऊन फुटतो, आणि तिच्या बोटाला गुंडाळलेला तो बंद दिसतच नाही.

प्रदर्शित न झालेल्या कामाचा एक तुकडा तिच्याकडे होता, चांगला होता, आणि तो मी पाहिलाही नाही. निर्मात्याशी केलेल्या करारात प्रदर्शनापूर्वी दृश्यं बाहेर न देण्याची अट असते, आणि लिंक कुणापर्यंत पोचेल यावर आपलं नियंत्रण नसतं.

झालेली रील मी तिला न ओळखणाऱ्या तीन-चार जणांना दाखवली, एकदाच, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं की काय काय आठवतं. भाडं मागणारी, फोनवाली, पोलीस, चावी ठेवणारी. चारही आल्या. जुन्या रीलचं असंच विचारलं होतं तेव्हा मालिका आणि पाऊस एवढंच आलं होतं. दुसऱ्या दिवशी विचारणं महत्त्वाचं आहे. पाहिल्या पाहिल्या सगळं आठवतंच, आणि जो तुकडा रात्रीत पुसला जातो तो कितीही आवडता असला तरी त्याची सेकंदं बाकीच्यांना द्यावीत.

अलीकडे तिला एका चित्रपटात खलनायिकेचं काम मिळालं. प्रदर्शित झाल्यावर त्यातला तुकडा रीलमध्ये जाईल, तो पाचवा म्हणून मात्र जोडायचा नाही. आवाज खाली आणून राग दाखवण्याचं काम त्यातही असेल तर जाऊ बाहेर जाईल. अधिकार गाजवण्याचं असेल तर हवालदार जाईल. आणि जो जाईल त्याच्या दोन्ही बाजूंचे सांधे पुन्हा कापावे लागतील, कारण शेजार बदलला की राहिलेल्या तुकड्यांतले चेहरेही वेगळे दिसायला लागतात. त्यासाठी प्रत्येक तुकड्याच्या मागचं-पुढचं मूळ चित्रण मी काढून टाकलेलं नाही.